वास खालून, उजेड बाजूनं

अगं, तुझा निरोप मिळाला. मागच्या वर्षी आठवीच्या मुलांनी भरलेली बाटली दोन महिने काळीच राहिली, जांभळा ठिपकासुद्धा उमटला नाही, आणि यंदा विनोग्राद्स्की स्तंभ पुन्हा करायचा की दुसरा प्रकल्प घ्यायचा, असं तू विचारलंस. हाच कर. बाटली काळी झाली होती ना, मग अर्धं काम झालंच होतं. उरलेलं अर्धं कुठं अडलं ते सांगते.

मला हे शिकवलं आमच्या प्रयोगशाळेतल्या मामांनी. माझं नोकरीचं दुसरं वर्ष होतं. पुस्तकातली आकृती समोर ठेवून मी बाटली भरत होते आणि मामा शेजारी उभं राहून बघत होते. ते म्हणाले, "बाई, वास खालून यायला हवा आणि उजेड बाजूनं. दोघांची गाठ पडेल तिथं रंग धरतो." माझ्याआधीच्या दोन विज्ञान शिक्षकांच्या हाताखाली त्यांनी या बाटल्या भरल्या होत्या. पुढं मी वर्षानुवर्षं भरल्या, आणि जी जी बाटली फसली तिचं कारण शेवटी या वाक्यातच सापडलं.

वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, कुजक्या अंड्याला येतो तो. बाटलीच्या तळाशी हवा पोचत नाही. तिथले काही जीवाणू कागद आणि कुजका पाला आंबवतात. त्यातून जी सेंद्रिय आम्लं सुटतात त्यांवर दुसरे जीवाणू जगतात. आपण श्वासात ऑक्सिजन वापरतो तसं हे दुसरे सल्फेट वापरतात, आणि बाहेर टाकतात हायड्रोजन सल्फाइड. तो हळूहळू वर सरकतो. जांभळे आणि हिरवे गंधक जीवाणू झाडांसारखं उजेडावर अन्न करतात, पण झाड त्यासाठी पाणी फोडतं तर हे हायड्रोजन सल्फाइड फोडतात. म्हणून झाडाकडून ऑक्सिजन सुटतो आणि यांच्याकडून गंधक उरतं. त्यांना दोन्ही गोष्टी एकाच जागी लागतात, आणि ऑक्सिजन तिथं चालत नाही. चिखलात उजेड जेमतेम काही मिलिमीटर शिरतो, म्हणून ती जागा म्हणजे बाटलीच्या भिंतीची आतली बाजू. रंग तिथंच शोधायचा, खिडकीकडच्या अंगाला.

आता गाळ. बाटली बिघडते ती बहुतेक वेळा इथंच. माझी पहिली बाटली मी शाळेमागं नव्यानं खणलेल्या शेततळ्याच्या गाळानं भरली होती. जवळ होतं म्हणून. लाल जांभ्याची माती, वर पावसाचं पाणी. पाच आठवडे झाले, तळ काळाकुट्ट झाला, पण वास नाही आणि रंगही नाही. कारण मला फार उशिरा कळलं. लाल मातीत लोह भरपूर असतं. तळाशी तयार झालेला सल्फाइड त्या लोहाशी बांधला जातो आणि काळा आयर्न सल्फाइड होतो. लोह पुरतं भागेपर्यंत वर सरकायला मोकळा सल्फाइड उरतच नाही. तुझी बाटली काळी झाली पण झाकण सैल केल्यावरही वास येत नव्हता, असं असेल तर तिला हेच झालं होतं. अशी बाटली मेलेली नसते. लोह संपलं की ती पुढं सरकते, फक्त प्रदर्शनाची तारीख तोवर निघून जाते.

म्हणून गाळ जुन्या तळ्याचा घे. देवळामागच्या तळ्यासारखं, जिथं वर्षानुवर्षं पानं पडून कुजतात, म्हशी बसतात, काठाला कमळाचे नाहीतर केंदाळाचे देठ सडलेले असतात. काठीनं गाळ ढवळला की बुडबुडे यायला हवेत. वरचा तपकिरी थर बोटभर बाजूला केला की खाली काळपट, मऊ, किंचित वासाचा गाळ लागतो, तो हवा. पाऊस चालू असताना जाऊ नकोस. त्या दिवसांत काठाला ताजी धुपून आलेली माती असते आणि लेप्टोची भीती असते. पाणी निवळल्यावर जा. मुलांना हातमोजे दे, आणि ज्याच्या हातापायाला जखम आहे त्याला काठावरच थांबव.

आपल्या भागातल्या मुलांना मी आणखी एक सांगायची. खाडी जवळ असेल तर एक बाटली खाडीच्या गाळाची भर, पाणीही खाडीचंच घाल. समुद्राच्या एका लिटर पाण्यात अडीच-पावणेतीन ग्रॅम सल्फेट मुळातच असतं. तिथं वेगळं सल्फेट घालावं लागत नाही, नुसता कागद पुरतो. खारफुटीच्या चिखलाला भरती ओसरल्यावर जो वास येतो तो याच कारखान्याचा.

तळ्याच्या गाळाला मात्र खुराक द्यावा लागतो, आणि तो आपल्या शाळेतच मिळतो. फळ्यावरचे साधे खडू बहुतेक प्लास्टर ऑफ पॅरिसचे असतात, म्हणजे कॅल्शियम सल्फेट. धूळ न उडणारे म्हणून मिळतात ते बरेचदा कॅल्शियम कार्बोनेटचे. ओळखायला सोपं आहे: भुकटीवर लिंबू पिळायचं. फसफसली तर कार्बोनेट, गप्प राहिली तर सल्फेट. हा छोटा प्रयोग मुलांकडूनच करून घे, त्यांना फार आवडतो. आपल्याला दोन्ही हवेत. सल्फेट वासासाठी. कार्बोनेट जीवाणूंना कार्बन पुरवण्यासाठी आणि आंबण्यातून होणारी आम्लता आवरण्यासाठी. फसफसणारा खडू नाही मिळाला तर अंड्याची टरफलं धुऊन, वाळवून कुटायची. सल्फेटसाठी खडूऐवजी कृषी केंद्रातलं जिप्समही चालतं. पानात लावायचा चुना मात्र घालू नकोस, तो इतका तीव्र असतो की गाळातले जीव भाजून निघतात.

एक लिटरच्या पाण्याच्या बाटलीचं माप सांगते. बाटली सरळ उभ्या बाजूंची, नितळ, रंग नसलेली घ्यायची. गाळ आधी जाड चाळणीतून काढायचा. काटक्या, खडे, गोगलगाई, सगळं बाहेर. गोगलगाई राहिल्या तर वरचं शेवाळ खातात. तळ्याचंच पाणी घालून गाळ आंबोळीच्या पिठाएवढा करायचा, ओतला की पडेल पण वाहून जाणार नाही असा. त्यातला तिसरा हिस्सा वेगळ्या भांड्यात घेऊन त्यात सल्फेटची एक चमचा भुकटी, कार्बोनेटची एक चमचा भुकटी आणि वर्तमानपत्राचं अर्धं पान नखाएवढे तुकडे करून, भिजवून घालायचं. गुळगुळीत रंगीत पुरवणीचा कागद घेऊ नकोस. अंडं चालत असेल त्या घरच्या मुलानं अर्धा पिवळा बलक आणला तर वास लवकर धरतो. नाही आणला तरी खडूवर काम होतं, चार-आठ दिवस जास्त लागतात.

हे मिश्रण तळाशी. वर साधा गाळ, बाटलीच्या पाऊण उंचीपर्यंत. प्रत्येक ओतीनंतर बाटली घडी घातलेल्या फडक्यावर हलकेच आपटायची आणि लांब काडीनं अडकलेली हवा काढायची. हवेचा एक मोठा बुडबुडा राहिला तर तिथं ऑक्सिजन राहतो आणि त्या जागी रंग धरत नाही. वर दोन-तीन बोटं तळ्याचं पाणी आणि तेवढीच जागा रिकामी. तोंडाला पातळ प्लास्टिक आणि रबर, किंवा झाकण अर्धा आटा सैल. एका वर्षी एका मुलानं जबाबदारीनं झाकण घट्ट आवळलं. दहाव्या दिवशी बाटली ढोलासारखी फुगली, आणि उघडताना वर्गातल्या पहिल्या तीन बाकांवर काळं पाणी उडालं. आत आंबवण चालू असतं, वायूला वाट हवीच. आणि वास घ्यायला कुणाला नाक बाटलीशी नेऊ देऊ नकोस. हायड्रोजन सल्फाइड विषारी आहे. एका बाटलीतला थोडाच असतो, पण सवय वाईट. हातानं वारा घालून लांबूनच घ्यायचा, तोही खिडक्या उघड्या ठेवून.

बलक आणि कागद वाढवायचा मोह होईल, तो आवर. एकदा मी लवकर रंग यावा म्हणून दोन अख्ख्या अंड्यांचे बलक घातले. आठवड्यात पाण्यापर्यंत सगळी बाटली काळी झाली, वरचं पाणी दुधाळ झालं आणि शेवाळही मेलं. सल्फाइड इतका झाला की जांभळ्यांनाही सोसेना. कागद जास्त झाला तर वेगळंच दिसतं: वायूनं गाळ मधोमध फाटतो आणि वरचा अर्धा तुकडा दट्ट्यासारखा वर चढतो. तसं झालं तर लांब काडी भिंतीला लागू न देता मधून खाली घालायची, वायू निघून जातो.

आता उजेडाचं. थेट ऊन नको. आपल्याकडचं ऊन बाटलीतल्या गाळाला सहज चाळिसाच्या वर नेतं आणि वर नुसतं हिरवं शेवाळ माजतं. उत्तरेची खिडकी उत्तम. भरल्या दिवशी खिडकीकडच्या बाजूला खूण कर, आणि ती बाजू पुन्हा फिरवायची नाही, केर काढणाऱ्या मावशींनाही सांगून ठेव. खिडकी अंधारी असेल तर दिवा लावावा लागतो, पण तो जुना पिवळ्या तारेचा, चाळीस-साठ वॉटचा, दीड-दोन फुटांवर. जांभळे जीवाणू तांबड्याच्या पलीकडचा, आपल्या डोळ्यांना न दिसणारा अवरक्त उजेड चांगला वापरतात. वरचं शेवाळ तो सोडून देतं, म्हणूनच ते शेवाळाखाली राहू शकतात. पांढऱ्या एलईडीत हा उजेड जवळपास नसतोच. शाळेत एलईडी बसवल्यापासून दिव्याखालच्या बाटल्या मंदावल्या, त्यामागं मला हेच कारण दिसतं.

एका वर्षाची गोष्ट सविस्तर सांगते, म्हणजे तारखा कशा बांधायच्या ते कळेल. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी आम्ही एकाच गाळाच्या तीन बाटल्या भरल्या. पहिलीत खडू, टरफल, कागद, अर्धा बलक, सगळं. दुसरीत नुसता गाळ. तिसरीत पहिलीसारखंच सगळं, पण बाटली पूर्ण काळ्या कागदात गुंडाळलेली, आणि खिडकीच्या बाजूला त्या कागदाला रुपयाच्या नाण्याएवढं एक भोक. पहिल्या बाटलीवर आम्ही आलेख कागदाची उभी पट्टी चिकटवली, आणि दर सोमवारी मुलं पारदर्शक प्लास्टिक बाटलीभोवती लावून डागांच्या कडा पेननं गिरवायची. हे नक्की कर. फोटोत रंग दिवसागणिक वेगळा येतो, गिरवलेली कड खोटं सांगत नाही.

पहिल्या सोमवारी कागदाच्या तुकड्यांभोवती राखाडी वलयं. दुसऱ्या सोमवारी तळ चार बोटं काळा, वरचं पाणी हिरवट. तिसऱ्यात वास स्पष्ट. मग दिवाळीची सुट्टी लागायची होती, आणि इथं मामांचा दुसरा कानमंत्र: सुट्टीआधी पाणी मूळ खुणेपर्यंत भर, कारण वरचा गाळ उघडा पडून वाळला, भेगा गेल्या, की हवा खोलवर शिरते आणि महिन्याचं काम जातं. नळाचं ताजं पाणी घालायचं नाही, त्यात क्लोरीन असतं. तळ्याचं नाही तर रात्रभर उघडं ठेवलेलं.

सुट्टीनंतर कुलूप काढलं तेव्हा पहिल्या बाटलीत खिडकीच्या अंगाला, काळ्या थराच्या जरा वर, मोहरीएवढे सात-आठ ठिपके होते, कोकमाच्या आगळाच्या रंगाचे. पुढच्या दोन सोमवारी ते मसुराएवढे झाले, एकमेकांत मिसळले, आणि डिसेंबरच्या मध्याला दोन बोटं रुंद पट्टा तयार झाला. दुसरी बाटली तपकिरीच राहिली, मधे मधे काळे डाग आणि वर शेवाळ. प्रदर्शनाच्या सकाळी मुलांनी तिसरीचा कागद सोडला. सगळी बाटली काळी, आणि त्या काळ्यावर एक जांभळा रुपया. भोकाची कड जशी कापली होती तशी, एका बाजूला कात्री घसरली होती ती खाचसुद्धा उमटलेली. परीक्षकांनी दुसरं काही विचारलंच नाही, ती खाच दाखवून मुलीनं सगळं समजावलं.

थर वाचताना घाई करू नकोस. तळाचं काळं म्हणजे आयर्न सल्फाइड, तो जीवाणूंचा रंग नव्हे. त्याच्या लगेच वर हिरवे गंधक जीवाणू येऊ शकतात. त्यांना जास्त सल्फाइड सोसतो आणि कमी उजेड पुरतो, म्हणून त्यांची जागा खाली. त्यांचा हिरवा मळकट, जुन्या काचेच्या बाटलीसारखा असतो, काळ्यात मिसळलेला. त्यावर जांभळे गंधक जीवाणू. त्याहून वर कधी विटकरी, गंजासारखा पट्टा दिसतो. त्यात थोडा खरंच लोहाचा गंज असतो आणि थोडे दुसऱ्या जातकुळीचे जांभळे जीवाणू, ज्यांना फार सल्फाइड मानवत नाही आणि जे सेंद्रिय आम्लांवर भागवतात. अगदी वर, पाण्यात, गवतासारखा ताजा हिरवा असतो तो शेवाळाचा आणि सायनोबॅक्टेरियाचा. त्यात उजेडात बुडबुडे दिसतात, तो ऑक्सिजन. खालच्या हिरव्यात असे ऑक्सिजनचे बुडबुडे येत नाहीत. मुलं वरच्या हिरव्यालाच 'हिरवे गंधक जीवाणू' अशी चिठ्ठी लावतात, तिथं लक्ष ठेव. आणि खालचा हिरवा आलाच नाही तर आला असं लिहू देऊ नकोस. माझ्या निम्म्याहून जास्त बाटल्यांत तो वेगळा ओळखू येईल असा आला नाही, जांभळा मात्र आला.

कुणीतरी विचारेलच की लोणारचं पाणी 2020 च्या जूनमध्ये गुलाबी झालं ते हेच का. नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं ते पाणी तपासलं, तेव्हा तो रंग खूप खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांचा निघाला. ते जीवाणूही नव्हेत.

एक गोष्ट मुलांना सूक्ष्मदर्शकाखाली दाखव. जांभळ्या डागात लांब ड्रॉपर घालून थेंबभर काढ, चारशे पट मोठं करून बघ. मोठ्या जातीचे असतील तर पेशींच्या आत चकचकीत कण दिसतात, ते गंधक. हिरवे गंधक जीवाणू हेच कण पेशीबाहेर टाकतात. आणि गाळाच्या वरच्या पृष्ठभागावर कधी पांढरं, कापसाच्या तंतूंसारखं जाळं दिसतं, ते बहुधा बेगियाटोआ. त्याच्याही आत गंधकाचे कण असतात, पण त्याला उजेड लागत नाही. कीव्हमध्ये 1856 साली जन्मलेल्या सर्गेई विनोग्राद्स्की यांनी स्ट्रासबुर्गच्या प्रयोगशाळेत याच तंतूंवर काम केलं. तंतूंना हायड्रोजन सल्फाइड असलेलं पाणी दिलं की आतले कण वाढत, ते बंद केलं की कण विरत जात. सल्फाइडचं गंधक आणि गंधकाचं सल्फेट करण्यातूनच हे जीव ऊर्जा मिळवतात, असं त्यांनी 1887 मध्ये मांडलं. बाटलीत तळाशी सल्फेटचा सल्फाइड होतो आणि वर पुन्हा सल्फाइडचं सल्फेट. मुलांना तो फेरा बोटानं बाटलीवर काढून दाखव, पाठ करायला लावू नकोस.

प्रदर्शन झालं की बाटली फेकू नकोस. पाणी घालत राहिलं तर ती वर्षानुवर्षं टिकते, पट्टे फक्त वरखाली सरकतात. रिकामी करायचीच झाली तर बेसिनमध्ये नाही, बागेत खड्डा करून त्यात, आणि वारा आपल्याकडून पलीकडं वाहत असताना. पण त्याआधी जांभळ्या डागाजवळचा दोन चमचे गाळ काढून एका छोट्या बाटलीत, वर पाणी भरून, खिडकीत ठेव. पुढच्या घटस्थापनेला नव्या बाटलीच्या मधल्या थरात, खिडकीच्या अंगाला तो मिसळ. दह्याला विरजण लावतो तसंच हे. मामांनी मला पहिलं विरजण जुन्या काचेच्या बरणीतून दिलं होतं. माझ्याकडं अजून एक बाटली आहे, पूर्वेच्या खिडकीत, पडद्याआड. रविवारी ये, आणि येताना झाकणाची छोटी बरणी घेऊन ये.